रोख दिलेले १८४९ रुपये खात्यात कसे आले

मामींनी फोन केला तेव्हा त्यांच्यासमोर दोन पासबुकं उघडी होती. "अगं, हे कुकरवाले माझ्या बँकेचा नंबर मागतायत. मी तर पैसे हातात दिले होते. मग त्यांना बँक कशाला हवी?"

प्रश्न अगदी रास्त होता. ऑनलाइन माल विकणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी बरीच वर्षं परताव्यांचं काम केलं आहे, आणि हाच प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचं. तिथे उत्तर द्यायला दोन मिनिटं मिळायची. मामींच्या प्रकरणात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी बरोबर होते, म्हणून ते सगळं सविस्तर मांडते.

काय घडलं होतं

मामांच्या मोबाइलवरून एका छोट्या कंपनीच्या वेबसाइटवर स्टीलचा कुकर मागवला होता. किंमत १८०० रुपये, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे, म्हणजे सीओडीचे, ४९ वेगळे. पार्सल आलं तेव्हा मामा घरी नव्हते. मामींनी पाचशेच्या तीन नोटा दिल्या, उरलेले साडेतीनशे शेजारच्या काकूंकडून घेऊन दिले. एकूण १८५०. वरचा एक रुपया डिलिव्हरीच्या मुलाकडे सुटा नव्हता आणि मामींनी तो मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी डाळ लावल्यावर लक्षात आलं की कुकरची कड एका बाजूने दबलेली आहे. झाकण बसतं, पण वाफ बाजूने जाते, शिट्टी होतच नाही. मामांनी फोटो टाकून परत घेण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. सोमवारी एकजण कुकर घेऊन गेला. त्याच संध्याकाळी मामांच्या मोबाइलवर एक लिंक आली: परतावा कुठे हवा ते सांगा. पर्याय दोन होते. एक, कंपनीच्याच वेबसाइटवर पुढच्या खरेदीसाठी जमा. दोन, बँक खाते.

मामींना वाटत होतं की कुकर न्यायला आलेल्या मुलानेच पैसे द्यायला हवे होते. दुकानात वस्तू परत केली की गल्ल्यातून पैसे मिळतात, तसं.

दारात दिलेली रोकड जाते कुठे

डिलिव्हरीवाला मुलगा बहुतेक वेळा विक्रेत्या कंपनीचा नसतो, कुरिअर कंपनीचा असतो. दिवसभरात जमलेली रोकड तो संध्याकाळी कुरिअरच्या केंद्रावर भरतो. कुठल्या पार्सलचे किती, हे ट्रॅकिंग नंबरवरून जुळवलं जातं. ती रोकड कुरिअर कंपनी आपल्या बँकेत भरते आणि काही दिवसांनी एकदम शेकडो पार्सलांची रक्कम, स्वतःचं शुल्क वजा करून, विक्रेत्याच्या खात्यावर पाठवते. त्याबरोबर एक यादी येते: हा ट्रॅकिंग नंबर, ही रक्कम.

त्या यादीत मामींच्या बँकेचा कुठेही उल्लेख नसतो, कारण त्यांची बँक या व्यवहारात आलेलीच नाही. ऑर्डर मामांच्या नावावर, नोटा मामींच्या आणि थोड्या काकूंच्या. विक्रेत्याला एवढंच कळतं की या क्रमांकाच्या पार्सलचे १८४९ जमा झाले. कुणाच्या पाकिटातून आले, हे कुठल्याच नोंदीत नाही.

कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरले असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे प्रत्येक भरण्याला एक व्यवहार क्रमांक असतो आणि विक्रेत्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेकडे तो जपलेला असतो. परतावा देताना विक्रेता तोच क्रमांक उलटा फिरवतो, पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात, म्हणून तिथे कुणी तुमचं खातं विचारत नाही. रोकडीला अशी वाटच नसते. परतीचा पत्ता तुम्ही दिलात तरच तो तयार होतो, आणि खाते क्रमांक मागण्याचं खरं कारण हे एवढंच आहे.

कुकर न्यायला आलेला मुलगा पैसे देऊ शकत नाही, यामागेही साधी कारणं आहेत. परतीचं पार्सल उचलणारी कुरिअर कंपनी कधीकधी वेगळीच असते. त्या मुलाच्या खिशातली रोकड दुसऱ्या विक्रेत्यांच्या पार्सलांची असते आणि संध्याकाळी तिचा हिशेब द्यायचा असतो. शिवाय परत आलेली वस्तू गोदामात उघडून पाहिल्याशिवाय विक्रेता परतावा मंजूर करत नाही. दारात रोख दिल्याचा पुरावाही राहत नाही, ना देणाऱ्याकडे ना घेणाऱ्याकडे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण लोक ती हमखास गोंधळतात. पार्सल दारातूनच नाकारलं, पैसे दिलेच नाहीत, तर परताव्याचा प्रश्नच उरत नाही. तशा पार्सलासाठी कुणी फोन करून "तुमचा रिफंड द्यायचा आहे, खातं सांगा" म्हणालं तर तो फोन खोटा आहे.

दारात क्यूआर स्कॅन केला असता तर

मामांनी विचारलं, मी घरी असतो तर यूपीआयने दिले असते, मग हे सगळं टळलं असतं का? टळलं असतं किंवा नसतंही. क्यूआर कुणाचा, यावर ते ठरतं.

डिलिव्हरीवाल्याच्या हातातल्या यंत्रावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये त्या पार्सलपुरता तयार झालेला क्यूआर असेल, तर रक्कम आधीच भरलेली असते आणि व्यवहार त्या ऑर्डरला जोडलेला असतो. अशा वेळी परतावा त्याच यूपीआय खात्यात पाठवणं विक्रेत्याला शक्य असतं. तरीही काही कंपन्या ऑर्डरची नोंद सीओडी अशीच ठेवतात आणि खातं विचारतातच. पण सुटे नाहीत म्हणून त्या मुलाने स्वतःच्या नंबरवर पैसे घेतले आणि केंद्रावर खिशातली रोकड भरली, तर कंपनीच्या लेखी तुम्ही रोखच दिलेले असतात. तुमच्या मोबाइलवर यूपीआयची पावती असते, पण त्यावर नाव त्या मुलाचं असतं. परताव्याच्या वेळी ती पावती दाखवणारे ग्राहक मी पाहिले आहेत. ते खरंच बोलत असतात, पण विक्रेत्याकडे त्या व्यवहाराचा काही मागमूस नसतो. त्यामुळे मुलाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे देणं टाळलेलं बरं.

कुठलं पासबुक

मामींच्या समोरचं पहिलं पासबुक गावातल्या पतसंस्थेचं होतं. त्यांची बचत तिथेच असते, म्हणून पैसेही तिथेच यावेत असं त्यांना वाटत होतं. पण पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेची शाखा ओळखणारा आयएफएससी कोड तिला नसतो, त्यामुळे लिंकवरच्या अर्जात पतसंस्थेचं खातं भरताच येत नाही. सहकारी बँकेचं खातं चालतं, कारण बहुतेक सहकारी बँका स्वतः किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत एनईएफटीशी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेशी, जोडलेल्या आहेत. पतसंस्थेचं चालत नाही.

दुसरं पासबुक एका सरकारी बँकेचं, जुनं, कडा मळलेलं. त्यात खाते क्रमांक होता, आयएफएससी होता, नाव होतं. अर्जाला लागतात त्या तीनच गोष्टी.

मामींची खरी भीती आता बाहेर आली. "खाते नंबर कुणाला देऊ नका असं सगळे सांगतात." मी त्यांना त्यांच्याच चेकबुकमधलं एक पान काढायला सांगितलं. चेकवर खाते क्रमांक असतो, आयएफएससी असतो, आणि बऱ्याच चेकांवर नावही छापलेलं असतं. आपण चेक देतो तेव्हा या तिन्ही गोष्टी समोरच्याच्या हातात देतोच. एवढ्यावर कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. काढायला सही लागते, पिन लागतो, ओटीपी लागतो किंवा आधारवरून काढायचे तर बोटाचा ठसा लागतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी हा खात्यात येण्याचा पत्ता आहे.

म्हणून या तीन गोष्टींच्या पलीकडे जे मागितलं जाईल तिथे थांबायचं. परताव्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर लागत नाही, कार्डाच्या मागचे तीन आकडे लागत नाहीत, नेटबँकिंगचा पासवर्ड लागत नाही, यूपीआय पिन लागत नाही. आधार किंवा पॅनचा फोटो लागत नाही. काही छोटे विक्रेते पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागतात. त्यामागे टायपिंगची चूक टाळण्याचा हेतू असतो, पण मी स्वतः तो देत नाही. पासबुकाच्या पानावर पत्ता, जन्मतारीख, मोबाइल नंबर असं बरंच काही असतं आणि परताव्याला त्यातलं काहीच लागत नाही.

ओटीपीबद्दल मात्र एक बारकावा आहे. मामांच्या लिंकवर सुरुवातीला ओटीपी मागितला होता आणि मामी तिथेच अडकल्या होत्या. तो ओटीपी बँकेचा नव्हता. ज्या मोबाइलवरून ऑर्डर दिली तो मोबाइल समोरच्याच्या हातात आहे का, हे तपासण्यासाठी विक्रेत्याने तो पाठवला होता. रोख देणारा कोण हे विक्रेत्याला माहीत नसल्यामुळे ऑर्डरचा मोबाइल नंबर हीच त्याच्यासाठी ग्राहकाची ओळख असते. फरक ओळखायचा तर मेसेज पूर्ण वाचायचा. त्यात विक्रेत्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक असेल, तर तो फक्त त्याच पानावर टाकायचा आणि फोनवर कुणालाही सांगायचा नाही. बँकेचं नाव आणि "रक्कम वजा करण्यासाठी" असं काही असेल तर तो परताव्याचा ओटीपी नाही.

मामांचा ओटीपी आणि मामींचं खातं हे चालेल का, अशीही शंका होती. त्या वेबसाइटवर चालत होतं, कारण खातेदाराच्या नावाचा रकाना वेगळा होता. काही ठिकाणी ऑर्डर देणाऱ्याचंच खातं मागतात. अर्जात जे नाव टाकाल ते पासबुकावर आहे तसंच टाकावं, हे मात्र सगळीकडे लागू. मामींच्या पासबुकावर मधलं नाव मामांचं होतं, तसंच आम्ही भरलं.

"रिफंड पूर्ण", पण खात्यात काही नाही

कुकर शनिवारी गोदामात पोहोचला. पुढच्या सोमवारी वेबसाइटवर ऑर्डरसमोर हिरव्या अक्षरांत आलं की परतावा पूर्ण झाला. मंगळवारी खात्यात काही नव्हतं, बुधवारीही नाही.

या हिरव्या अक्षरांमागे काय चालतं ते मी आतून पाहिलं आहे. लहान विक्रेते सीओडीचे परतावे एकेक करून पाठवत नाहीत. दिवसभराचे सगळे एका एक्सेल फाइलमध्ये जमवतात आणि ती फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवतात. फाइल चढली की अनेक ठिकाणी त्या सगळ्या ऑर्डरींवर "पूर्ण" असा शिक्का बसतो. बँकेने त्यातल्या दोन ओळी नाकारल्या असतील, तर ती यादी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येते, आणि ती कुणीतरी उघडून पाहावी लागते. म्हणजे वेबसाइटवरचा "पूर्ण" हा विक्रेत्याचा शब्द असतो. बँकेचा शब्द वेगळा असतो आणि तो क्रमांकाच्या रूपात येतो. एनईएफटीने पैसे गेले असतील तर यूटीआर क्रमांक, आयएमपीएसने गेले असतील तर १२ आकडी आरआरएन.

तो क्रमांक मागा. कंपनीने क्रमांक दिला तर पैसे त्यांच्या बँकेतून निघाले आहेत आणि तुमच्या बँकेत त्या क्रमांकावरून शोध घेता येतो. क्रमांक देता येत नसेल, तर बहुधा पैसे निघालेलेच नाहीत. "दोन-तीन दिवस वाट पाहा" हे उत्तर क्रमांकाशिवाय आलं तर त्याला काही अर्थ नाही, कारण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाने तिची तुकडी निघते. पैसे घेणाऱ्या बँकेला ते खात्यावर टाकता आले नाहीत, तर तुकडी पूर्ण झाल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे असा नियम आहे. आयएमपीएस तर काही क्षणांची बाब आहे. वेळ जातो तो गोदामात, मंजुरीत आणि फाइल चढवण्यात. बँकांच्या मधल्या वाटेवर दिवस सहसा जात नाहीत.

बुधवारची दुपार

वाट पाहून कंटाळलेल्या मामींनी त्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला. जो नंबर सर्वांत वर आला तो लावला. उचलणारा माणूस अतिशय नम्र होता. ऑर्डरबद्दल त्याने काही विचारलं नाही, मामींनीच सगळं सांगितलं: कुकर, १८४९, परतावा आला नाही. त्याने लगेच मामांच्या व्हॉट्सॲपवर एक क्यूआर पाठवला. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील."

मामांनी स्कॅन केला. स्क्रीनवर १८४९ ही रक्कम आधीच भरलेली दिसली, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला. पण खाली पिन मागणाऱ्या पानावर पैसे कुणाला जाणार त्याचं नाव होतं आणि ते कंपनीचं नव्हतं. तिथे थांबून त्यांनी मला फोन लावला, हे फार चांगलं झालं.

यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. पैसे येतात आणि मेसेज वाजतो. मामांनी पिन टाकला असता तर आणखी १८४९ गेले असते. गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तातडीने कळवायचं असतं, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

सीओडीचा परतावा अडकलेला ग्राहक अशा माणसांच्या हाती सहज लागतो. त्याला खरोखर पैसे येणं असतं, तो स्वतःहून रक्कम सांगतो, आणि खऱ्या कंपनीनेही त्याच्याकडे खातं मागितलेलं असतं, त्यामुळे आणखी एखादी गोष्ट मागितली तर त्याला वावगं वाटत नाही. म्हणून संपर्काचा क्रमांक ऑर्डरच्या मेसेजमधून, बिलावरून किंवा ज्या वेबसाइटवर ऑर्डर दिली तिथूनच घ्यायचा.

खरी अडचण कुठे होती

आम्ही वेबसाइटवर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर चार ओळींचा ईमेल लिहिला. ऑर्डर क्रमांक, परतीच्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, रक्कम, आणि एकच मागणी: परताव्याचा यूटीआर किंवा आरआरएन द्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. पोच दुसऱ्याच दिवशी आली. त्यानंतर दोन दिवसांनी उत्तर आलं: यूटीआर नाही, बँकेने ती ओळ नाकारली, कारण आयएफएससी चुकीचा.

मामींना हे पटेना. पासबुकावर छापलेला कोड चुकीचा कसा असेल? पासबुक जुनं होतं, हेच उत्तर. मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. शाखा तीच, खिडकीतल्या बाई त्याच, खाते क्रमांक तोच, पण कोड बदलला होता. असं बऱ्याच खात्यांचं झालं आहे. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि SYNB ने सुरू होणारे तिचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँकांची जुनी पासबुकं अजून कितीतरी घरांत आहेत. मामी महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पैसे काढायच्या, त्याला आयएफएससी लागत नाही, त्यामुळे हा बदल त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं.

आयएफएससी ११ अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. विक्रेत्याच्या अर्जाने एवढंच तपासलं असावं की ११ अक्षरं आहेत आणि पाचवं शून्य आहे. कोड आज चालू आहे का, हे त्याने पाहिलं नाही. चांगले अर्ज कोड टाकताच बँकेचं आणि शाखेचं नाव दाखवतात. ते नाव आपल्या शाखेचं नसेल किंवा येतच नसेल, तर तिथेच थांबायचं. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप होणं ही तर रोजची चूक.

खरं सांगायचं तर मामींची चूक सौम्य होती. चुकीच्या आयएफएससीने पैसे निघत नाहीत किंवा परत येतात. चुकीचा खाते क्रमांक जास्त वाईट. एनईएफटीत पैसे घेणारी बँक केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करू शकते, नाव जुळलंच पाहिजे असं बंधन नाही. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी निघाला, तर पैसे त्याच्याकडे जातात आणि त्याच्या संमतीशिवाय बँक ते परस्पर काढून देत नाही. अर्जात खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावतात तो यासाठी. तो कॉपी करून खाली चिकटवला तर दोनदा विचारण्याचा उपयोगच संपतो.

यात विक्रेत्याच्या बाजूनेही घोळ होतो आणि तो मी स्वतः निस्तरला आहे. एक्सेलमध्ये खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला की सुरुवातीची शून्यं गळतात. आणि एक्सेल पंधराच आकडे नेमके जपतं, त्यामुळे सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. ग्राहकाने सगळं बरोबर भरलेलं असतं आणि तरी परतावा नाकारला जातो. "तुम्ही दिलेला खाते क्रमांक चुकीचा" असं उत्तर आलं, तर आपण काय भरलं होतं त्याचा स्क्रीनशॉट जवळ असावा आणि त्यांच्याकडे कुठला क्रमांक दिसतो ते विचारावं. शेवटचे चार आकडे सांगितले तरी घोळ उघडा पडतो.

पैसे आले

कंपनीने नवी लिंक पाठवली. शाखेत फोन करून नवा कोड घेतला, तो भरताच खाली शाखेचं नाव आलं, ते बरोबर होतं. अर्ज पाठवला आणि पाच मिनिटांत मामींच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला: एक रुपया जमा.

मामी घाबरल्या. पण एक रुपया पाठवून खातं खरं आहे का, आणि त्याचा मालक कोण, हे तपासण्याची पद्धत आहे. तो रुपया जमा झाला की खातेदाराचं नाव बँकेकडून परत कळतं आणि ते अर्जातल्या नावाशी ताडून पाहता येतं. पहिल्या अर्जाच्या वेळी कंपनीने हे केलं असतं तर तेव्हाच चूक सापडली असती. बहुधा आमच्या तक्रारीमुळे या वेळी हिशेबातल्या कुणीतरी काळजी घेतली. संध्याकाळी १८४९ आयएमपीएसने आले. ४९ रुपये शुल्क सहसा परत करत नाहीत, पण वस्तूच सदोष निघाल्यामुळे आम्ही ते मागितले होते आणि त्यांनी दिले. त्यासोबत ईमेलवर आरआरएनही आला.

नसते आले तर पुढची पायरी १९१५ होती, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. त्यासाठी कागद तयारच होते: ऑर्डर, परतीच्या पार्सलची पावती, अर्जाचा स्क्रीनशॉट आणि तक्रारीची पोच. वेबसाइटवर जमा हा पहिला पर्याय घेतला असता तर पैसे त्याच दिवशी दिसले असते, हेही खरं. पण तशी जमा रक्कम सहसा पुन्हा बँकेत आणता येत नाही आणि तिला मुदतही असू शकते. मामींना त्या कंपनीकडून दुसरं काही घ्यायचं नव्हतं, त्यामुळे तो पर्याय आमच्यासाठी नव्हताच.

सोमवारी मामी शाखेत जाऊन पासबुक भरून आल्या. दोन नोंदी होत्या, १ रुपया आणि १८४९ रुपये, आणि दुसरीसमोर तोच १२ आकडी क्रमांक जो ईमेलमध्ये होता. मामींनी दोन्हींची बेरीज केली. "म्हणजे त्या मुलाकडे राहिलेला रुपयासुद्धा दिला की त्यांनी," त्या म्हणाल्या. तो रुपया खातं तपासण्याचा होता हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पासबुकाच्या आतल्या कव्हरवरचा जुना कोड लाल पेनाने खोडला आणि त्याखाली नवा लिहिला. पाचव्या जागेवरच्या शून्यावर त्यांनी एक तिरकी रेघ मारून ठेवली.